सोनपाखराची निळी पाठ

मी कॉम्प्युटरवरच्या वस्तूंना रंग देते. असं सांगितलं की सांगलीतले लोक मला ग्राफिक डिझायनर समजतात आणि भाचीच्या लग्नाची पत्रिका करून द्याल का, असं विचारतात. आधी मी चिडायचे. आता म्हणते, नाही येत. माझं काम पत्रिकेपेक्षा किचकट आहे आणि पगार पत्रिकेवाल्यापेक्षा बरा आहे, एवढंच.

शेडर हा एक छोटा प्रोग्राम असतो. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी तो स्वतंत्र चालतो आणि एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, की इथं कोणता रंग दाखवायचा. विटेचा रंग सोपा. वीट कुठूनही बघा, वीटच दिसते. साबणाचा फुगा तसा नाही. त्याच्या पडद्यात रंग नावाची गोष्टच नसते. उजेडाचा थोडा भाग पडद्याच्या पुढच्या बाजूवरून परततो, थोडा आत शिरून मागच्या बाजूवरून परततो. मागून आलेल्याची वाट जरा लांबची. दोघं एकत्र येतात तेव्हा काही रंग एकमेकांना बळ देतात, काही एकमेकांना मारतात. जे उरतात ते आपल्याला दिसतात. म्हणजे फुग्याचा रंग दोनच गोष्टींवर ठरतो. एक, पडदा किती जाड आहे. दुसरी, तुम्ही कुठून बघताय. तुम्ही जागा बदलली की रंग बदलला. बघणाराच नसेल तर रंगही नाही. मला हे फार आवडतं आणि फार पूर्वीपासून याची थोडी भीतीही वाटते.

पाचगणीच्या एका निवासी शाळेनं आमच्याकडे काम दिलं होतं. शाळेला ‘उजेडाची खोली’ करायची होती. मुलांनी डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि आत फुगे, किडे, पंख असं सगळं जवळून बघायचं. ‘आमच्याकडे’ म्हणजे दोन माणसं. सांगलीत मी, माझ्या घराच्या वरच्या खोलीत. साताऱ्यात माझा सहकारी, त्याच्या घरच्या पोटमाळ्यावर. तो आकार घडवायचा, मी रंग द्यायचे. वयानं माझ्यापेक्षा बराच लहान, मला ताई म्हणणारा, हुशार आणि भित्रा.

फुगा आधी झाला. फुग्यातलं पाणी खाली उतरत जातं, वरचा पडदा पातळ होत जातो, रंगांचे पट्टे खाली सरकतात. हे सगळं मी बसवलं. त्याला पाठवलं, तर त्याचा लगेच फोन आला.

"ताई, फुग्याला वर भोक पडलंय. काळं."

"भोक नाही ते. तिथं पडदा आहेच."

"मग दिसंना का?"

मी समजावलं. पुढच्या बाजूवरून परतणारी उजेडाची लाट परतताना उलटी होते, मागच्या बाजूवरची होत नाही. पडदा फारच पातळ झाला की दोघींच्या वाटेत फरक उरत नाही, पण एक सुलटी आणि एक उलटी. दोघी मिळून शून्य. म्हणून फुगा फुटायच्या आधी त्याचा माथा काळा पडतो. हे उलटणं शेडरमध्ये लिहायला विसरलं तर माथा पांढरा चमकतो आणि चुकीचा दिसतो. माझा बरोबर होता.

"म्हंजे हाय, पण दिसत न्हाई," तो म्हणाला. "भुतावानी."

मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग सोनपाखरू आलं. माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं. आमच्याकडे मेंढरं. बाभळीवर सोनपाखरं, म्हणजे चमकत्या पाठीचे किडे, दिसायचे आणि बाकीची पोरं ती काड्यापेटीत ठेवून मिरवायची. मला त्यांची कधीच माया वाटली नाही. मेलेलं सोनपाखरू जिवंताइतकंच चमकतं. ही गोष्ट लहानपणी मला सहन व्हायची नाही. मेलं तर मेल्यासारखं दिसावं की. पुढं कारण कळलं. त्याच्या कवचावर पातळ थरांवर थर असतात आणि रंग त्या थरांतून येतो, रक्तातून नाही. थर शाबूत तोवर रंग शाबूत. कवच कुटून भुकटी केली तर नुसता तपकिरी चुरा हाती येतो.

शाळेनं त्यांच्या प्रयोगशाळेतलं टाचणी टोचलेलं एक पाखरू कापसात गुंडाळून पाठवलं. मी ते खिडकीत धरून दिवसच्या दिवस बघितलं. समोरून बघितलं की गडद हिरवं. तिरपं केलं की निळं, आणखी तिरपं केलं की कडेला जांभळट. सहकाऱ्याला हे पटेना. तिरपं गेलं की आतली वाट लांबते, मग रंग लाल बाजूला जायला पाहिजे, असं तो म्हणे. सगळ्यांना तसंच वाटतं. पण तिरप्या उजेडात पुढून परतणारी लाटसुद्धा मागची बाहेर पडेस्तोवर पुढं सरकलेली असते. दोघींमधला फरक घटतो, वाढत नाही. फरक घटला की रंग निळ्याकडे. मी ते सगळं शेडरमध्ये घातलं. थरांची जाडी घातली. कवचाच्या प्रत्येक ठिपक्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि डोळा कुठं आहे यातला कोन घातला, आणि उजेड आत शिरताना वळतो तेही घातलं.

शाळेची एक मागणी होती. मुलाला मुंगीएवढं करायचं. म्हणजे हेडसेट घातला की मूल बाभळीच्या फांदीवर उभं आणि समोर लांब, फांदीच्या टोकाला, मेंढीएवढं सोनपाखरू. ते आम्ही केलं. मी हेडसेट घातला आणि माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. हिरवीगार पाठ, मान हलवली की कडेनं निळसर झाक पसरायची. खिडकीतल्या त्या टाचणीवरच्या किड्यापेक्षा सरस.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याचा फोन.

"ताई, तुमी बघितलं का ह्यात?"

"बघितलं. झकास झालंय."

"मला लय भ्या वाटतंय त्याचं. पाठीच्या आत कायतरी हाय."

"काय आहे?"

"सांगता येईना. पाठ हिरवी हाय आणि निळी बी हाय. एकदम. एकाच जागी. हिरवी दिसती, मग आतनं निळी वर येती, मग परत हिरवी. श्वास घेतल्यावानी. आणि ते फांदीवर बसलेलं वाटत न्हाई. हवेत हाय नुसतं."

मी पुन्हा घातला. हिरवी पाठ. शांत. मी त्याला म्हटलं, पोटमाळ्यावर एकटा बसतोस, जरा खाली येऊन माणसांत बसत जा. तो ओशाळून हसला. पण आपल्या शब्दावरून हलला नाही.

पाचगणीला दाखवायचा दिवस आला. शाळेच्या विज्ञानाच्या बाई फार उत्साही होत्या. त्यांनी मुलांची रांग लावली होती. फुगा सगळ्यांना आवडला. मग सोनपाखरू. पहिल्या मुलीनं हेडसेट घातला, जरा बघितलं आणि दोन्ही हात पुढं धरून मागं सरकली. दुसऱ्यानं घातला आणि लगेच काढून बाईंच्या हातात दिला. तिसरी मुलगी चांगली धीट होती. ती बघत उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "वो अंदर से देख रहा है." मुलं आपसांत बोलली नव्हती. रांग बाहेर होती, आत एकेकच येत होतं. तरी प्रत्येक मूल तेच सांगत होतं. पाठ जळतेय, पाठीखाली काहीतरी हलतंय, ते तिथं आहे आणि नाही.

बाईंनी घातला. हेडसेट काढल्यावर त्यांनी शालीचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि मला विचारलं, "तुम्हाला हे असंच करायचं होतं का?"

मी घातला. बाई आणि माझा सहकारी माझ्याकडे बघत होते, ते मला न बघताही कळत होतं. समोर फांदी, टोकाला हिरवं सोनपाखरू, निवांत. मी कितीतरी वेळ बघत राहिले. काहीतरी हलावं, मला एकदा तरी दिसावं म्हणून मी अक्षरशः वाट बघत होते. काही हललं नाही.

पसरणीचा घाट उतरताना गाडीत तेच डोक्यात घोळत होतं. इतक्या सगळ्यांना एक गोष्ट दिसते आणि ज्या बाईनं ती केली तिलाच दिसत नाही, हे मला सहन होईना. मला राग आला होता आणि रागाच्या तळाशी भीती होती. लहानपणी आमच्याकडे कुणाला काही दिसलं की जाणती बाई विचारायची, किती जणांनी बघितलं? एकानं बघितलं असेल तर ताप. सगळ्यांनी बघितलं असेल तर आहे. इथं सगळ्यांनी बघितलं होतं.

घरी आल्यावर डोकं ताळ्यावर आलं. एकाच जागी हिरवी आणि निळी. एकदम. माझ्या कामातल्या माणसाला यावरून एकच गोष्ट सुचायला हवी होती आणि ती मला उशिरा सुचली. हेडसेट दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवतो. एका डोळ्याला हिरवी आणि दुसऱ्याला निळी पाठ गेली तर मेंदू दोन्ही जुळवू शकत नाही. थोडा वेळ एक धरतो, मग सोडून दुसरी धरतो. तेच ते श्वास घेणं. आणि रंगच जुळत नाही म्हटल्यावर वस्तू जागेवर बसल्यासारखी वाटत नाही.

मी माझा शेडर उघडला आणि कपाळावर हात मारला. जुनी सवय मला नडली होती. डाव्या डोळ्याची जागा मी इंजिनकडून, म्हणजे हेडसेटमधलं जग चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, घेत होते आणि तिच्यात दोन डोळ्यांमधलं अंतर मिळवून उजव्याची जागा स्वतः काढत होते. थोडा वेळ वाचतो म्हणून. पण मुलाला आम्ही मुंगीएवढं केलं होतं. त्याच्यासोबत डोळ्यांमधलं अंतरही केसाएवढं व्हायला हवं होतं. मी मिळवत होते ते खऱ्या माणसाचं अंतर. मुंगीच्या जगात एवढं अंतर म्हणजे फांदीपासून पार बाजूला, कुठंतरी हवेत. तिथून सोनपाखरू तिरपं दिसतं. तिरपं म्हणजे निळं. मूल समोरून बघत होतं आणि त्याच्या उजव्या डोळ्यात मात्र बाजूला कुणीतरी उभं राहून बघितल्याचा रंग उमटत होता.

हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. झालाही. मी फोनवर सहकाऱ्याला सांगितलं, भूत सापडलं. तो म्हणाला, "मग तुमाला कसं दिसलं न्हाई, ताई?"

म्हटलं, थांब, आत्ता बघते. हेडसेट घातला, उजवा डोळा मिटला. हिरवं सोनपाखरू. बरोबर. मग डावा मिटला.

सोनपाखरू नव्हतं.

फांदी होती. फांदीच्या टोकाला काही नव्हतं. मी दोन्ही डोळे उघडले, ते परत आलं. डावा मिटला, गेलं. मी चालत जवळ गेले. जवळून कडेकडेनं पाय दिसायला लागले, मिशा दिसायला लागल्या, आणि मधली पाठ मात्र नाही. पाठीच्या जागी फांदीचाच करडा रंग, जरा पुसट.

मला काय वाटलं असेल? जे माझ्या धंद्यातल्या कुणालाही वाटेल तेच. पाय आणि मिशांना साधा रंग होता, पाठीला माझा शेडर होता. म्हणजे उजव्या डोळ्यासाठी माझा शेडर पाठ काढतच नाही. आणखी एक चूक. मला हायसं वाटलं, हे आता लिहिताना अंगावर काटा येतो. मी खुर्ची ओढली आणि कामाला लागले.

चूक सापडेना. शिवाय एक विचित्र गोष्ट होती. पाठीकडे बघितलं की पाठ नाही. पायाकडे बघितलं की पाय नाही, आणि तेवढ्यात डोळ्याच्या कडेला पाठ उमटलेली, निळी. तिच्याकडे वळावं तर पाय हजर आणि पाठ गायब. जिथं बघेन तिथलं जायचं. भर दुपार होती, खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत जात होता, आणि मी हेडसेटमध्ये एका किड्याशी लपंडाव खेळत होते.

तरी माझ्याकडे याचंही उत्तर होतं. आमचा हेडसेट महागातला. आत बारीक कॅमेरे असतात, नजर कुठं आहे ते बघतात आणि नजरेच्या ठिकाणी चित्र जास्त बारकाईनं काढतात, बाकी कडेचं ढोबळ. म्हणजे नजरेच्या ठिकाणचं काढण्यातच गडबड आहे. मी ती सोय बंद केली. तरी तेच. मग उजव्या डोळ्याला जाणारं चित्र फाईल म्हणून साठवलं आणि मॉनिटरवर उघडलं. चित्रात पाठ होती. पूर्ण, निळी, चकचकीत. ठिपका न ठिपका. हेडसेट घातला, पाठ नव्हती.

प्रोग्राम म्हणतो काढली, चित्र म्हणतं काढली, आणि डोळ्यापर्यंत ती पोचत नाही. मग मधे राहतं ते काच आणि पडदा. उजव्या बाजूचा पडदा मधोमध बिघडला, असं मी ठरवलं आणि सहकाऱ्याला त्याचा हेडसेट घेऊन सांगलीला बोलावलं. तो एसटीनं आला, पाठीवर पोतं आणल्यासारखी बॅग. त्याच्या हेडसेटमध्ये मला तेच दिसलं. त्यानं माझा घातला, एक डोळा मिटला, दुसरा मिटला.

"दोन्हीकडं हाय ताई. डाव्यात हिरवं, उजव्यात निळं. तुमी म्हणला तसंच."

"नीट बघ."

"नीटच बघतोय."

"उजव्यात मधली पाठ नाही. तुला कळत नाही का?" मी ओरडले. त्याचा चेहरा पडला. त्यानं हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला त्याच क्षणी आतून काहीतरी कळलं होतं. पण कळून घ्यायचं नव्हतं. म्हणून मी पुन्हा हेडसेट चढवला, पुन्हा डावा डोळा मिटला आणि पुन्हा ती रिकामी फांदी बघत बसले.

तेवढ्यात नवरा चहा घेऊन वर आला. तो फौजेतून लवकर निवृत्त झालेला, वाळवा भागातल्या ऊसवाल्या घरातला. घरी असला की चहा त्याचा. जिन्यात त्याची पावलं वाजली म्हणून मी हेडसेट कपाळावर सरकवला. डावा डोळा तसाच मिटलेला राहिला होता, मुद्दाम नाही. मी दाराकडे बघितलं.

दारात त्याचा शर्ट होता. बाह्या होत्या, हातातला ट्रे होता, कपांतून वाफ निघत होती. शर्टाच्या कॉलरच्या वर भिंत होती. भिंतीचा फिकट पिवळा रंग, सलग. मधे कुणी नव्हतं.

"काय गं? अशी का बघतीस?" असं त्या जागेतून आलं.

मी डावा डोळा उघडला. त्याचा चेहरा आला. मिटला. गेला. मी किती वेळा केलं माहीत नाही. सहकारी म्हणतो, मी नुसती डोळा उघडत आणि मिटत होते, आणि तोंड उघडं होतं. नवऱ्यानं ट्रे खाली ठेवला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझे हात धरले.

"तुझं तोंड कुठं आहे?" मी विचारलं. त्याला अरे-तुरे मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

मग एकेक सगळं आठवत गेलं. कपाऐवजी बशीत ओतलेला चहा, त्यावरची नवऱ्याची चेष्टा. सुईत न जाणारा दोरा. जिन्याची शेवटची पायरी चुकणं. मी म्हणायचे वय झालं, तो म्हणायचा चष्मा धुवून घे. माझा चष्मा लहानपणापासून जाड, बाटलीच्या बुडाचा. डावा डोळा सगळं काम करत राहिला आणि उजव्याची रजा त्यानं कुणाला कळू दिली नाही.

मिरजेला गेलो. दवाखान्यांची मिरज जवळ असल्याचा आम्हा सांगलीकरांना फार आधार असतो, तो त्या दिवशी कळला. डॉक्टर शांत बाई होत्या. डोळ्यांत थेंब घालून बसवलं, यंत्रांत हनुवटी ठेवायला लावली. मग मला पडद्यावर माझ्याच डोळ्याचा आतला थर दाखवला. पातळ पापुद्र्यांवर पापुद्रे. मी आयुष्यभर ज्या जातीच्या गोष्टींचं गणित केलं तसलीच ती गोष्ट होती. उजव्यात मधोमध एक गाठ आल्यासारखा उंचवटा होता.

"जाड नंबरच्या डोळ्यात मागचा पडदा ताणला जातो," त्या म्हणाल्या. "त्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या आणि गळल्या. आता तिथं व्रण आहे. तो जुना आहे. मधली नजर परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. कडेची राहील."

मी विचारलं, तिथं काळं का दिसत नाही? भोक का दिसत नाही? त्या म्हणाल्या, मेंदू आजूबाजूचं पसरवून भरून काढतो, म्हणून लोकांना कळतच नाही.

मग त्यांनी डाव्याचं चित्र लावलं आणि जरा जास्त वेळ बघितलं. त्या वेळी नवऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात जड होत गेलेला मला कळला.

"इथं सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. "मध्यापासून अजून बाजूला आहे. आज आलात ते बरं झालं. इंजेक्शन द्यावं लागेल. एकानं भागेल असं नाही."

"डोळ्यात?" नवऱ्यानं विचारलं.

"डोळ्यात."

इंजेक्शन दुखलं नाही, त्याआधीची वाट बघणंच जास्त दुखलं. सुई आत गेल्यावर नजरेत काळसर धूर फिरला आणि मग खाली एक गोल दिसायला लागला. काळा, वाटोळा, मान हलवली की डुलणारा. औषधासोबत हवेचा बारीक बुडबुडा आत जातो कधीकधी, जिरेल, असं त्या म्हणाल्या. मी टेबलावर पडून त्या बुडबुड्याकडे बघत होते. त्याला एकही रंग नव्हता. मला रडू आलं आणि डॉक्टर म्हणाल्या, आत्ता रडू नका.

शेडर मी दुरुस्त केला. दोन ओळींचं काम. उजव्या डोळ्याची जागाही इंजिनकडूनच घ्यायची, स्वतः शहाणपणा करायचा नाही. पण झालंय की नाही हे मला तपासता येणार नव्हतं. आता नाही आणि पुढंही नाही. दोन डोळ्यांना किंचित वेगळा रंग गेला की कवच खरं दिसतं, ते चमकणं कागदावरच्या रंगात येत नाही. मी हे लोकांना सांगत आले, त्याच्यावर पगार घेत आले. मी ते शेवटचं कधी बघितलं होतं, आठवत नाही. मला कळलंच नाही ना, ते कधी गेलं.

सहकाऱ्यानं हेडसेट घातला. मी त्याच्यासमोर बसले.

"सांग."

"बसलंय फांदीवर," तो म्हणाला. "हिरवं हाय. मान हलवली की निळं येतंय कडेनं. आतबित काय न्हाई."

"आणि चमकतंय?"

"व्हय ताई." मग मान कलती करून, "लय भारी चमकतंय."

मला त्याचा हेवा वाटला. सरळ सांगते, हेवाच वाटला. पाचगणीला तो एकटाच गेला. मुलं घाबरली नाहीत, असा बाईंचा निरोप आला.

आता डाव्या डोळ्याची राखण चालली आहे. डॉक्टरांनी घरी करायला एकच गोष्ट सांगितली आहे. रोज सकाळी उजवा डोळा झाकायचा आणि सरळ रेघा असलेलं काहीतरी बघायचं. रेघ कुठं वाकडी दिसली, कुठं तुटली, तर त्याच दिवशी मिरज गाठायची. त्यांनी चौकटींचा कागद दिला होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज बघते. नवरा चहा गाळताना विचारतो, "गज सरळ हायत का?" मी म्हणते, सरळ आहेत. मग तो साखर घालतो. एवढंच आमचं सकाळचं बोलणं.

परवा त्यानं विचारलं आणि मी म्हटलं, "सरळ आहेत."

त्यानं गाळणी खाली ठेवली. "तू बघितलंच न्हाईस."

मी खिडकीकडे पाठ करून उभी होते. किती दिवसांपासून तशी उभी राहत होते कोण जाणे. मला वाटलं तो रागावेल. मी म्हटलं, "मला भीती वाटते."

"मला बी वाटती," तो म्हणाला. त्यानं ओले हात पुसले, माझे खांदे धरून मला खिडकीकडे वळवलं, माझा चष्मा जरा उचलला आणि आपला तळवा माझ्या उजव्या डोळ्यावर ठेवला. तळव्याला आल्याचा वास होता.

"आता बघ," तो म्हणाला.

मी डोळा उघडला.